ड्यू डेटवरून तिमाहीच्या तारखा कशा काढल्या

वहिनीची पाळी अनियमित. त्यामुळे डॉक्टरांनी पहिल्या सोनोग्राफीवरून १५ ऑक्टोबर २०२५ ही ड्यू डेट दिली, आणि पाळीच्या तारखेवर चालणारं ॲप मात्र वेगळंच सांगत होतं. मग ॲप सोडून ड्यू डेटपासून उलटं मोजलं. ड्यू डेट म्हणजे ४० आठवडे, २८० दिवस पूर्ण. दुसरी तिमाही १४ आठवडे पूर्ण झाल्यावर सुरू होते, तिसरी २८ झाल्यावर. शीटमध्ये A1 ला ड्यू डेट टाकली आणि खाली:

```
=A1-280
=A1-182
=A1-84
```

उत्तरं आली ८ जानेवारी, १६ एप्रिल, २३ जुलै. तारखेऐवजी ४५७६३ सारखा आकडा दिसला तर सेलचा फॉरमॅट 'तारीख' करायचा. पडताळा सोपा आहे: तिन्ही आकड्यांना सातने भाग जातो, म्हणून वार ड्यू डेटचाच यायला हवा. इथे सगळे बुधवार.

८ जानेवारी ही वहिनीच्या पाळीची खरी तारीख नव्हे, फक्त हिशेबाची. काही ठिकाणी दुसरी तिमाही १३ आठवड्यांपासूनच धरतात, तिथे `-182` च्या जागी `-189`. तपासण्या तशाही आठवड्यांवरच ठरतात.