वादळात लाल झालेलं १०३-ए : पॅनेलवरच्या सुरुवातीच्या दिवसांतली एक रात्र

भुसावळचं ट्रेनिंग संपवून स्टेशनवर रुजू होणाऱ्या नव्या मुलामुलींचा मला नेहमी एकच प्रश्न असतो: सिग्नलचा आराखडा आणि कोणत्या सिग्नलला काय काय लागतं त्याचा तक्ता पाठ करायचा की समजून घ्यायचा? याचं उत्तर मला एका रात्रीत मिळालं, म्हणून ती रात्रच सांगते.

नागपूरजवळच्या दुहेरी मार्गावरचं एक स्टेशन. मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे दोन्ही रस्ते नागपुरात एकमेकांना छेदतात, त्यामुळे आमच्यासारख्या छोट्या स्टेशनवर एक मालगाडी अर्धा तास अडकली तरी कंट्रोलचा फोन थांबत नाही. सिग्नल आणि पॉइंट चालवायचं बटणांचं पॅनेल स्टेशन मास्तरच्या खोलीत असलं तरी जुनी माणसं त्या खोलीला केबिनच म्हणतात. मी तेव्हा शिकाऊ होते. बटण माझ्या हातानं दाबलं जायचं, पण जबाबदारी शेजारी बसलेल्या मास्तरांची. त्यांची निवृत्ती दोन वर्षांवर आली होती. आम्ही सगळे त्यांना सर म्हणायचो.

नवतपाचे दिवस होते. दिवसभर अंग भाजून निघालं होतं आणि रात्री साडेनऊच्या सुमारास वारं सुटलं. आधी नुसती धूळ, पाऊस नाही. खिडकीची झडप आपटली, खोलीतले दिवे गेले. पॅनेल बॅटरीवर चालतं, त्यामुळे अंधारात तेवढंच उजळलेलं राहिलं. त्याच झोतात पॅनेलच्या उजव्या टोकाला मेन लाइनवर एक लाल पट्टी पेटली. रुळाच्या त्या तुकड्याचा नंबर १०३-ए. तिथे गाडी नव्हती. पाच-सात मिनिटांनी पावसाचे टपोरे थेंब पत्र्यावर वाजायला लागले. हा क्रम लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

लाल पट्टीचा अर्थ आधी सांगते, कारण पुस्तकात तो वाचूनही मनात चुकीचा बसतो. रुळाचा एक तुकडा दोन्ही टोकांना इन्सुलेशन लावून वेगळा केलेला असतो, त्याला ट्रॅक सर्किट म्हणतात. एका टोकाला बॅटरीचा करंट सोडतात, दुसऱ्या टोकाला रिले, म्हणजे करंटवर उचलला जाणारा स्विच असतो. करंट पोचला की रिले उचललेला राहतो आणि पॅनेल म्हणतं, रूळ मोकळा. गाडीचं चाक आलं की दोन्ही रूळ जोडले जातात, करंट मधल्यामध्ये वळतो, रिले पडतो आणि पट्टी लाल होते. रूळ तुटला, वायर निघाली, बॅटरी उतरली तरी रिले पडतोच. म्हणजे पट्टी लाल झाली की एवढंच कळतं की रिलेपर्यंत करंट पोचत नाहीये. का पोचत नाहीये हे पॅनेल सांगत नाही.

भर पावसात हे नेहमी होतं. गिट्टीत चिखल आणि पाणी साचलं की एका रुळातून दुसऱ्या रुळात करंट झिरपतो. म्हणून सगळ्यांच्या तोंडी पहिलं वाक्य तेच असतं, "पाणी भरलं असेल." मीही तेच म्हणाले.

तेवढ्यात डाउन दिशेची एक मालगाडी आमच्या होम सिग्नलला, म्हणजे स्टेशनात शिरण्याआधीच्या सिग्नलला येऊन उभी राहिली. तिला मेन लाइनवरून सरळ काढायचं होतं, तिच्या मागे एक एक्स्प्रेस होती. मी होमचं आणि मेनचं बटण एकदम दाबलं. रूट लागलाच नाही. पुन्हा दाबलं. सर म्हणाले, "तिसऱ्यांदा दाबू नका. तक्ता वाचा."

काचेखाली ठेवलेल्या तक्त्यावर मी टॉर्च धरली. होम ते मेन, ही ओळ. १०१ हा गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारा पॉइंट नॉर्मल, म्हणजे मेनकडे सरळ, तो होता. आतल्या बाजूची ट्रॅक सर्किटं मोकळी, मेनचा प्लॅटफॉर्मसमोरचा तुकडा मोकळा. मी गोंधळले. गाडी मेनच्या स्टार्टरपाशी, म्हणजे स्टेशनातून बाहेर पडायच्या सिग्नलपाशी थांबणार आणि लाल झालेलं १०३-ए तर स्टार्टरच्या पलीकडे, मग होम का अडतो? सरांनी माझा हात धरून टॉर्च उजवीकडे सरकवली. ओळीच्या शेवटी ओव्हरलॅपचा रकाना होता. १०३ नॉर्मल, १०३-ए मोकळं.

ड्रायव्हरचा अंदाज चुकून गाडी स्टार्टर ओलांडून थोडी पुढे गेली तरी काही लागू नये, म्हणून स्टार्टरच्या पुढचा काही रूळही मोकळा लागतो. आमच्यासारख्या बहुरंगी दिव्यांच्या सिग्नलमध्ये हे अंतर १२० मीटर असतं. ही जागा गाडीच्या वाटेतली नसते, पण होम सिग्नल देताना तिचीही तपासणी होते. नवीन माणूस ओळ स्टार्टरपर्यंत वाचतो आणि थांबतो. मीही तिथेच थांबले होते.

"आता लूपची ओळ वाचा," सर म्हणाले. होम ते लूप, म्हणजे मेनच्या शेजारची बाजूची लाइन: १०१ रिव्हर्स, लूपचा तुकडा मोकळा, ओव्हरलॅपमध्ये १०३ नॉर्मल, १०३-बी मोकळं. ए नाही, बी. मी मान वर करून भिंतीवरचा आराखडा पाहिला तेव्हा खरा उलगडा झाला. १०३ हा एकच नंबर असला तरी त्याची टोकं दोन आहेत, ए मेनवर आणि बी लूपवर, आणि दोन्ही एकदमच फिरतात. १०३ नॉर्मल असला की मेनची गाडी सरळ जाते आणि लूपचा रस्ता वाळूच्या ढिगाकडे वळतो. त्याला सँडहंप म्हणतात. लूपमधली गाडी घसरत पुढे आलीच तर ती वाळूत रुतते, मेनवर येत नाही. नियमात हा सँडहंप त्या १२० मीटरच्या बदली धरला जातो. म्हणून मेनवरचं सर्किट लाल असूनही लूपमध्ये गाडी रीतसर, पिवळ्या सिग्नलवर घेता येते.

मी उत्साहानं लूपच्या बटणाकडे हात नेला. सरांनी विचारलं, "आणि बाहेर कशी काढाल?"

लूपच्या स्टार्टरची ओळ वाचली. १०३ रिव्हर्स. पण १०३-ए लाल असताना तो पॉइंट आहे त्या जागी बांधलेला राहतो, बटणानं फिरत नाही. मेनच्या स्टार्टरची ओळ वाचली, तिथेही १०३-ए. म्हणजे गाडी आत घेता येईल, पण कोणत्याही लाइनवरून सिग्नलवर बाहेर काढता येणार नाही. त्यासाठी ड्रायव्हरला लेखी अधिकारपत्र द्यावं लागेल आणि त्याआधी रूळ डोळ्यांनी पाहावा लागेल.

कंट्रोलरनी फोनवर सुचवलं की कॉलिंग ऑन देऊन गाडी मेनवर घ्या. हा होमच्या खांबावरचाच छोटा सिग्नल, उभ्या राहिलेल्या गाडीला जपून आत यायला सांगणारा. तो ओव्हरलॅप बघत नाही, म्हणून देता आला असता. पण मालगाडी मेनवर येऊन बसली असती तर मागची एक्स्प्रेस तिच्या पाठीशीच अडकली असती. सरांनी लूप सांगितलं, आणि मला आजही तोच निर्णय बरोबर वाटतो.

आधी मात्र पॉइंट्समन भाऊंना रेनकोट, टॉर्च आणि वॉकीटॉकी देऊन तिकडच्या टोकाला पाठवलं. अंतर जवळपास पाऊण किलोमीटर. लूपमध्ये गाडी येतेय, तुम्ही बाजूनं चला, हे त्यांना सांगून त्यांच्याकडून परत म्हणवून घेतलं. मेनच्या स्टार्टरच्या बटणावर मी कॉलर चढवली, म्हणजे चुकूनही हात जाऊ नये. सिग्नल मेंटेनरला निरोप दिला, रजिस्टरमध्ये वेळ लिहिली. मग लूपचा रूट लावला. १०१ फिरताना त्याचा दिवा लुकलुकला, स्थिर झाला, पांढऱ्या दिव्यांची रांग लूपकडे वळली आणि होम पिवळा झाला.

मालगाडी लूपमध्ये पुरती येऊन थांबते न थांबते तोच वॉकीटॉकी बोलला.

"मॅडम, पाणी नाही जी. टिन पडून आहे मेनवर. दोन्ही रुळांवर आडवं."

कुणाच्या तरी गोठ्यावरचा पत्रा वाऱ्यानं उडून आला होता. चाकानं जसे दोन रूळ जोडले जातात तसेच त्या पत्र्यानं जोडले होते. सर्किट पूर्ण खरं बोलत होतं. आम्ही पाणीच धरून ड्रायव्हरला कागद दिला असता तर इंजिन अंधारात त्या पत्र्यावर गेलं असतं.

सरांनी वॉकीटॉकी माझ्या हातातून घेतला. "वरच्या तारेला कुठं टेकलंय का? आधी बघा, हात नका लावू." डोक्यावर २५ हजार व्होल्टची तार असते. पत्रा तारेत अडकला असता तर पॉवर बंद झाल्याचा निरोप येईपर्यंत कोणी जवळही जायचं नव्हतं. भाऊंनी टॉर्च वर मारली, खांबापर्यंत नजर टाकली. "तार मोकळी आहे जी. टिन खालीच आहे." त्यांनी ते ओढून रुळापासून लांब नेलं, वर दोन मोठे दगड ठेवले. इकडे पॅनेलवरची लाल पट्टी विझली. पुढचे मागचे रूळ पाहून त्यांनी सगळं ठीक असल्याचं कळवलं, तेव्हा मी कॉलर काढली. एक्स्प्रेस मेनवरून सरळ गेली आणि तिच्या मागून मालगाडी.

नंतर चहा घेताना सरांनी विचारलं, लाल पट्टी कधी पेटली होती? पाऊस सुरू व्हायच्या आधी. पाण्यानं पडणारं सर्किट पाऊस बराच झाल्यावर पडतं, सखल भागातलं आधी पडतं, आणि बरेचदा लुकलुकतं, कारण रिले धड उचलतही नाही आणि धड पडतही नाही. १०३-ए एका झटक्यात लाल झालं आणि तसंच राहिलं. हे त्यांना पहिल्यापासून खटकत होतं. पण असं ओळखता आलं तरी त्यावर गाडी सोडायची नसते, हेही त्यांनी लगेच सांगितलं. फक्त पॉइंट्समनला काय शोधायचं ते नीट सांगता येतं.

तुम्हाला स्टेशनच्या कामाच्या नियमांवर सही करून स्वतंत्र ड्युटी घ्यायची असेल, तर त्याआधी आराखडा आणि तक्ता शेजारी ठेवून हे करून बघा. एकेक ट्रॅक सर्किट मनातल्या मनात लाल करा आणि कागदावर लिहा की त्यानं कोणते सिग्नल अडतात, कोणता पॉइंट बांधला जातो, गाडी आत घ्यायची कोणती वाट उरते आणि बाहेर काढायची कोणती. आमच्या स्टेशनला मला याला चार रात्रपाळ्या लागल्या. १०३-ए आणि १०३-बी मधला फरक मी त्या वहीत वेगळ्या शाईनं लिहिला आहे.

त्याच रात्री एकच्या सुमारास, पाऊस धो-धो चालू असताना, होमच्या आतलं पहिलं सर्किट लाल झालं, विझलं, पुन्हा लाल झालं. तिथे नाल्याकडचा उतार आहे. मी सरांकडे पाहिलं, ते काही बोलले नाहीत. मी दाराकडे वळले तर भाऊ ओला रेनकोट परत अंगावर चढवत होते.