सकाळची नाडी ५२ वरून ६१

हाफ मॅरेथॉनच्या तयारीत आठवड्यातले सहा दिवस धावत होतो. पाचव्या आठवड्यात नेहमीचा १० किलोमीटरचा सोपा पल्ला जड जायला लागला. वेग तोच, पण धाप जास्त. मला वाटलं, मेहनत कमी पडतेय. म्हणून अंतर वाढवलं. हाच मूर्खपणा.

उठल्या उठल्या, अंथरुणातच नाडी मोजायची सवय होती म्हणून बरं. एरवी ५२ च्या आसपास असायची, ती सलग पाच दिवस ६० च्या वर. अंग थकलेलं, तरी रात्री तीनला टक्क जाग. चिडचिड तर घरच्यांना माझ्या आधी कळली होती.

ताप नव्हता, तरी रक्त तपासून घेतलं; लोह कमी असलं तरी असंच होतं. ते ठीक निघालं. म्हणजे सराव जास्त आणि विश्रांती कमी, हेच कारण असणार.

मग पाच दिवस धावणं पूर्ण बंद, फक्त चालणं. संध्याकाळचा जोरकस सराव सकाळी हलवला आणि साडेनऊला दिवा बंद. नाडी ५४ वर यायला नऊ दिवस लागले. आता सोमवार आणि शुक्रवार सुट्टी, दर चौथ्या आठवड्याला अंतर निम्मं. नाडी सात-आठने चढलेली दिसली, की त्या दिवशी बूट घालत नाही.