आमच्या नावाचे डोमेन दुसऱ्याकडे होते तेव्हा

मालवणात आमचा कोकम आगळाचा व्यवसाय 2017 साली सुरू झाला, ट्रेडमार्क त्यानंतर मिळाला. परंतु आमच्याच नावाचे डॉट कॉम दुसऱ्या कोणाकडे होते आणि त्यावर केवळ ‘विक्रीस उपलब्ध’ एवढीच पाटी दिसत होती. मी यूडीआरपी या डोमेन-नावांच्या वादांसाठीच्या आंतरराष्ट्रीय धोरणाखाली तक्रार करण्याच्या तयारीत होतो. वकिलांनी मात्र आधी नोंदणीची तारीख पाहायला लावली, आणि ती 2011 ची निघाली.

या धोरणानुसार नाव आपल्या ट्रेडमार्कशी फसवे साम्य दाखवते, धारकाचा त्यावर रास्त हक्क नाही आणि त्याने ते दुष्ट हेतूने नोंदवले व वापरले, हे तिन्ही सिद्ध करावे लागते. जो व्यवसाय जन्मलाच नव्हता, त्याला लुबाडण्याचा हेतू 2011 मध्ये कसा असणार? शिवाय असे वाद ऐकणाऱ्या विपो या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे एका पंचासाठी 1500 डॉलर शुल्क भरावे लागते. (डॉट इन नावांसाठीच्या आयएनडीआरपी या धोरणात दुष्ट हेतूने नोंदणी किंवा वापर, यांपैकी एक पुरते.)

म्हणून तक्रारीची धमकी न देता मी बोली लावली. त्यांनी 90,000 रुपये मागितले, मी 25,000 म्हटले, आणि तीन आठवड्यांनी 40,000 वर सौदा ठरला. पैसे एस्क्रोत, म्हणजे सौदा पूर्ण होईपर्यंत तिऱ्हाइताकडे, ठेवले. डोमेन हलवण्यासाठी लागणारा ऑथ कोड मिळून ते आमच्या खात्यात दिसल्यावरच पैसे मोकळे केले.