पाइपमधील विसर्ग कड्याकड्याने मोजताना या चुका टाळा

दिंडोरी तालुक्यातील एखाद्या द्राक्षबागेत विहिरीवरच्या मोटरीपासून शेततळ्यापर्यंत गेलेली पाइपलाइन डोळ्यांसमोर आणा. पाइपचा आतला व्यास १० सेंटिमीटर आहे आणि त्यात मधोमध वेग मोजणारी पिटो नळी धरल्यावर पाण्याचा वेग सेकंदाला २ मीटर भरतो. वेग गुणिले छेदाचे क्षेत्रफळ, म्हणजे २ गुणिले ७८.५ चौरस सेंटिमीटर, असा हिशेब केला की विसर्ग सेकंदाला १५.७ लिटर येतो, आणि त्या हिशेबाने १००० लिटरची टाकी ६४ सेकंदांत भरायला हवी. प्रत्यक्षात मात्र तिला ७८ सेकंद लागतात. अशा वेळी मोटरीवर, गळतीवर किंवा घड्याळावर संशय घेतला जातो. पण नाशिकच्या पदविका वर्गांत हा विषय शिकवताना माझ्या वारंवार लक्षात आले आहे की दोष बहुतेक वेळा मोजमापात नसून गुणाकारात असतो.

पाइपच्या भिंतीला टेकलेले पाणी जवळजवळ स्थिर असते आणि मध्याकडे जावे तसा वेग वाढत जातो. त्यामुळे संपूर्ण छेदाला लागू पडेल असा एकच वेग घेता येत नाही. छेदाची पातळ, समकेंद्री कडी कल्पून प्रत्येक कड्याचे क्षेत्रफळ त्या कड्यातील वेगाने गुणायचे आणि सगळ्या गुणाकारांची बेरीज करायची, एवढीच ही रीत आहे. कडी अतिशय पातळ केली की याच बेरजेचे संकलन होते, ज्याला आपण सर्रास इंटिग्रेशन म्हणतो:

```
Q = ∫ v(r) · 2πr dr      (r = 0 ते R)
```

सर्व कड्यांना सारखेच वजन देणे

वरच्या सूत्रातला `r` गाळून केवळ `v(r) dr` चे संकलन करणे, किंवा त्रिज्येवर समान अंतरांवर घेतलेल्या वेगांची साधी सरासरी काढून ती क्षेत्रफळाने गुणणे, या दोन्ही वेगळ्या दिसणाऱ्या गोष्टी म्हणजे एकच चूक आहे. ती का होते हे पाहायचे असेल तर कांदा आडवा चिरावा, आणि नाशिकमध्ये त्याची वाण पडत नाही. चकतीतली सर्वांत आतली पाकळी सोडवून सरळ केली तर बोटाच्या पेराएवढी पट्टी मिळते, आणि तितक्याच जाडीची सर्वांत बाहेरची पाकळी सरळ केली तर चांगली वीतभर पट्टी मिळते. जाडी `dr` तीच असली तरी पट्टीची लांबी `2πr` असल्यामुळे क्षेत्रफळ मध्यापासूनच्या अंतराबरोबर वाढत जाते. पाइपमध्ये सर्वांत वेगवान पाणी ज्या आतल्या कड्यात असते ते कडे सर्वांत लहान असते, आणि सर्वांत मोठ्या कड्यातले पाणी सर्वांत मंद असते. साधी सरासरी नेमके हेच विसरते.

आता आपल्या पाइपचा हिशेब पूर्ण करू. त्रिज्या ५ सेंटिमीटर आहे, म्हणून १ सेंटिमीटर जाडीची पाच कडी पाडली आणि प्रत्येक कड्याच्या मधल्या अंतरावर वेग मोजला.

| कडे (सेंमी) | मोजणीचे ठिकाण r (सेंमी) | वेग (मी/से) | क्षेत्रफळ (चौ. सेंमी) |
|---|---|---|---|
| ० ते १ | ०.५ | १.९७ | १π |
| १ ते २ | १.५ | १.९० | ३π |
| २ ते ३ | २.५ | १.८१ | ५π |
| ३ ते ४ | ३.५ | १.६८ | ७π |
| ४ ते ५ | ४.५ | १.४४ | ९π |

क्षेत्रफळांचा रकाना १, ३, ५, ७, ९ असा विषम संख्यांनी वाढतो हे लक्षात ठेवण्याजोगे आहे, कारण सारख्या जाडीची कडी पाडली की हा क्रम नेहमीच येतो आणि तो आला नाही तर क्षेत्रफळ काढण्यातच चूक झाली आहे असे खुशाल समजावे. वेग आणि हे आकडे गुणून बेरीज केली की ४१.४४ मिळतात. त्यांना २५ ने भागल्यावर सरासरी वेग सेकंदाला १.६६ मीटर येतो, आणि π ने गुणल्यावर १३०.२ येतात. हे शेवटचे आकडे चौरस सेंटिमीटर गुणिले मीटर प्रतिसेकंद अशा मिश्र एककात आहेत. त्यांचे लिटर करायला १० ने भागावे लागते. १०० किंवा १००० ने भागून उत्तर बिघडवलेल्या वह्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत. आपला विसर्ग सेकंदाला १३.० लिटर भरला. गंगापूर धरणातील विसर्गाच्या बातम्या ज्या क्युसेकमध्ये येतात, त्या मापाने हा अर्ध्या क्युसेकहूनही थोडा कमी आहे.

त्याच पाच वेगांची साधी सरासरी १.७६ येते आणि तिच्यावरून विसर्ग १३.८ लिटर निघतो. सहा टक्क्यांचा हा फरक दिसायला किरकोळ वाटतो, पण तो पाइपमधल्या वेगाच्या वाटणीवर अवलंबून असतो. वेग `v = vmax(1 − r²/R²)` अशा परवलयी रीतीने घटत असेल, तर त्रिज्येवरची साधी सरासरी मध्यवेगाच्या दोन तृतीयांश येते आणि खरी सरासरी निम्मी असते, म्हणजे चूक एकदम ३३ टक्क्यांवर जाते.

भिंतीपासूनचे अंतर आणि मध्यापासूनचे अंतर

माझ्या मते सर्वांत फसवी चूक हीच, कारण तीत सूत्रही बरोबर असते आणि मोजमापही बरोबर असते. पिटो नळी पाइपच्या भिंतीतून आत सरकवली जाते, त्यामुळे पट्टीवर वाचलेले अंतर भिंतीपासूनचे असते. त्याला `y` म्हणू. मोजणारा ते अंतर वहीत उतरवतो, आणि घरी आल्यावर तोच रकाना `r` समजून हिशेबाला बसतो. मग भिंतीलगतच्या १.४४ या वेगाला १ चे वजन मिळते आणि मध्याजवळच्या १.९७ ला ९ चे. बेरीज ४६.५६ येते, सरासरी वेग १.८६ आणि विसर्ग १४.६ लिटर, म्हणजे साध्या सरासरीहूनही वाईट उत्तर. भिंतीपासूनचे अंतर वापरायचेच असेल तर कड्याचे क्षेत्रफळ `2π(R − y) dy` असे घ्यावे लागते.

ही चूक ओळखण्याची एक खात्रीची खूण आहे. कड्यांच्या वजनाने काढलेली सरासरी साध्या सरासरीपेक्षा नेहमी कमीच आली पाहिजे, कारण वजन मंद पाण्याला जास्त असते. ती जास्त आली तर वजने उलटी लागली आहेत, दुसरे काही शोधायची गरज नाही. आपल्या उदाहरणात १.६६ हे १.७६ पेक्षा कमी आहे, आणि १.८६ जास्त आहे. भिंतीकडे वेग घटत जाणाऱ्या प्रत्येक प्रवाहाला ही खूण लागू पडते.

शेवटचे कडे

१३.० लिटर हे उत्तरही किंचित मोठे आहे. टाकी ७८ सेकंदांत भरली, म्हणजे खरा विसर्ग १२.८ लिटर. उदाहरणातले वेग मी `v = vmax(1 − r/R)^(1/7)` या नियमाने घेतले आहेत, जो अशा पाइपमधल्या खळबळत्या, म्हणजे टर्ब्युलंट प्रवाहाला चांगला जुळतो, आणि त्यामुळे अचूक संकलनाशी ताळा करता येतो. `s = 1 − r/R` असा बदल केला की

```
v_avg = 2·vmax ∫ s^(1/7) (1 − s) ds      (s = 0 ते 1)
      = 2·vmax (7/8 − 7/15)
      = (49/60)·vmax ≈ 0.817·vmax
```

म्हणजे सरासरी वेग १.६३ आणि विसर्ग १२.८ लिटर. उरलेला फरक जवळजवळ सगळा एकट्या बाहेरच्या कड्यातून आला आहे. त्या कड्यात छेदाचा ३६ टक्के भाग आहे, आणि त्याच्या रुंदीत वेग दीड मीटरच्या आसपासून थेट शून्यावर उतरतो, तोही भिंतीशी अगदी शेवटच्या मिलिमीटरांत. त्यामुळे मधोमध मोजलेला १.४४ हा वेग त्या कड्याच्या खऱ्या सरासरीपेक्षा, म्हणजे १.३८ पेक्षा, जास्त असतो. सगळी कडी बारीक करण्यापेक्षा फक्त या कड्याचे दोन भाग करावेत. ४.२५ वर १.५३ आणि ४.७५ वर १.३० असे वेग घेऊन, त्यांना अनुक्रमे ४.२५π आणि ४.७५π ही क्षेत्रफळे दिली की विसर्ग १२.९ वर येतो. आतल्या कड्यांत वेग इतका सावकाश बदलतो की तिथे जास्त बिंदू घेऊन फारसे काही हाती लागत नाही.

साध्या सरासरीचा सोपेपणा ज्याला सोडवत नाही त्याच्यासाठी एक प्रामाणिक वाट आहे, ती म्हणजे कडी सारख्या जाडीची न पाडता सारख्या क्षेत्रफळाची पाडणे. पाच कड्यांसाठी मोजणीची ठिकाणे त्रिज्येच्या ०.३१६, ०.५४८, ०.७०७, ०.८३७ आणि ०.९४९ पट अंतरांवर येतात, म्हणजे आपल्या पाइपमध्ये मध्यापासून १.५८, २.७४, ३.५४, ४.१८ आणि ४.७४ सेंटिमीटरवर. बिंदू भिंतीकडे कसे दाटले आहेत ते पाहावे. या बिंदूंवरच्या वेगांची साधी सरासरी घेणे योग्यच आहे, कारण वजनाचे काम बिंदूंच्या जागांनीच करून टाकलेले असते.

"सरासरी वेग मध्यवेगाच्या निम्मा" हा नियम सगळीकडे लावणे

परवलयी वाटणीचे गणित सर्वांना पाठ असते, म्हणून मध्यावरचा वेग मोजून तो सरळ निम्मा केला जातो. आपल्या पाइपमध्ये तसे केले तर विसर्ग ७.९ लिटर येईल आणि टाकी दोन मिनिटांहून अधिक वेळ घेईल. निम्म्याचा नियम फक्त थराथराने संथ वाहणाऱ्या लॅमिनार प्रवाहाला लागू आहे, आणि त्यासाठी रेनॉल्ड्स संख्या, म्हणजे सरासरी वेग गुणिले व्यास भागिले पाण्याची गतिक श्यानता, साधारण २००० च्या खाली असावी लागते. १० सेंटिमीटर व्यासाच्या पाइपमध्ये पाणी सेकंदाला फक्त २ सेंटिमीटर सरकत असेल तेव्हा ती संख्या २००० होते. आपल्या उदाहरणात ती दीड लाखाच्या वर आहे. शेतातल्या मुख्य पाइपमध्ये लॅमिनार प्रवाह त्यामुळे जवळजवळ आढळतच नाही.

कड्यांची ही सगळी रीत एका गृहीतावर उभी आहे: वेग केवळ मध्यापासूनच्या अंतरावर अवलंबून असतो, कोणत्या बाजूला मोजला यावर नाही. एल्बोच्या किंवा अर्धवट उघडलेल्या व्हॉल्व्हच्या लगेच पुढे हे खरे नसते, कारण तिथे वेगवान पाणी एका भिंतीकडे ढकललेले असते. म्हणून मोजणीच्या आधी निदान व्यासाच्या वीस-तीस पट, म्हणजे आपल्या पाइपमध्ये दोन ते तीन मीटर, सरळ लांबी सोडावी, आणि पिटो नळी मध्यापर्यंतच न थांबवता समोरच्या भिंतीपर्यंत न्यावी. मध्यापासून डावीकडे ३.५ सेंटिमीटरवर १.६८ आणि उजवीकडे तितक्याच अंतरावर १.६९ आले तर निश्चिंतपणे कड्यांचा हिशेब करावा. उजवीकडे १.४ आले, तर पूर्ण कड्याला एकच वेग देता येत नाही. अशा वेळी पहिल्याला काटकोनात असलेल्या दुसऱ्या व्यासावरही वेग मोजून प्रत्येक कड्यासाठी चारही बाजूंची सरासरी घ्यावी, किंवा शक्य असेल तर मोजणीची जागाच पुढे हलवावी.