लाल दिव्यावर डावीकडे वळताना या चुका टाळा: हिरवा बाण, वळणाची लेन आणि फ्री लेफ्ट

समोर लाल दिवा आहे आणि तरीही डावीकडे वळणारी गाडी निघून गेली, तर त्यामागे तीन वेगवेगळी कारणं असू शकतात. तिच्यासाठी हिरवा बाण लागला असेल, चौकात ‘फ्री लेफ्ट’ची पाटी असेल, किंवा चालकाने सरळ सिग्नल तोडला असेल. मागून पाहणाऱ्याला तिन्ही सारखंच दिसतं आणि तो तिच्या मागोमाग गाडी काढतो. बहुतेक गोंधळ इथूनच सुरू होतो.

चूक पहिली: डावं वळण नेहमीच मोकळं असतं, असं धरून चालणं

लाल दिव्याचा अर्थ स्टॉप लाइनच्या आधी थांबणं, मग तुम्हाला कुठल्याही दिशेला जायचं असो. डावीकडे जाण्याची सूट त्या चौकातला बाण, पाटी किंवा ड्यूटीवरचा पोलीस देतो. यांपैकी काहीच नसेल तर थांबा. काल ज्या चौकात पाटी होती, तिथे आज ती काढलेली असू शकते. सवयीचा रस्ता असला तरी वर बघावंच लागतं. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर लाल सिग्नल तोडणं कलम १८४ मध्ये, म्हणजे धोकादायक वाहन चालवण्यात, धरलं जातं. पहिल्याच गुन्ह्याला १,००० ते ५,००० रुपये दंड, सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. ‘डावीकडेच तर वळलो’ हा त्यावरचा बचाव नाही.

चूक दुसरी: बाण आणि फ्री लेफ्ट एकच समजणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक, म्हणून जरा सविस्तर.

समजा चार रस्त्यांचा चौक आहे. तुम्ही दक्षिणेकडून येताय आणि डावीकडे, म्हणजे पश्चिमेच्या रस्त्यावर वळायचंय. त्या रस्त्यात आणखी कोण कोण शिरू शकतं? पूर्वेकडून सरळ येणारे, म्हणजे तुमच्या उजव्या हाताची वाहनं. तुमच्या समोरून, उत्तरेकडून येऊन त्यांच्या उजवीकडे वळणारे. पश्चिमेकडूनच येऊन चौकात यू टर्न घेणारे. शिवाय तो रस्ता पायी ओलांडणारे.

आता सिग्नलवाल्यांनी फक्त पश्चिमेकडून येणाऱ्यांना हिरवा दिला आहे असं धरा. पूर्व बंद, उत्तर बंद. पश्चिमेच्या तोंडाशी रस्ता ओलांडणारे पादचारीही थांबलेले, कारण तिथूनच वाहनं सुटली आहेत. पश्चिमेकडून उजवीकडे वळणारे तुमच्या रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला जातात, त्यांची तुमची गाठ पडत नाही. म्हणजे यू टर्नवाला सोडला तर तुमच्या वळणाच्या आड कुणीच नाही. मुख्य दिवा लाल असतानाही डावा बाण हिरवा करायला हीच वेळ योग्य. असा बाण लागतो तेव्हा इतर प्रवाह तुमच्यासाठी रोखून धरलेले असतात.

पुढच्या टप्प्यात पूर्वेला हिरवा मिळतो आणि तुमचा बाण विझतो. आता पूर्वेकडची वाहनं थेट तुम्हाला हव्या असलेल्या रस्त्यात शिरताहेत. ‘रस्ता तर रिकामा दिसतोय’ म्हणून बाण विझल्यावर घुसणारा नेमका यांच्यासमोर येतो.

फ्री लेफ्टच्या चौकात मात्र पाटी चोवीस तास तशीच असते. पूर्वेला हिरवा असो, नाहीतर उत्तरेकडून वळणाऱ्यांना त्यांचा स्वतःचा हिरवा बाण मिळालेला असो, तुमच्यासाठी कुणीही थांबवलेलं नसतं. ज्यांच्याकडे हिरवा आहे त्यांचा हक्क आधी. तुम्हाला सिग्नलची वाट न पाहता वळण्याची मुभा आहे, त्यांना अडवण्याची नाही. समोरून उजवीकडे वळणारा हॉर्न वाजवतो तेव्हा ‘माझं फ्री लेफ्ट आहे’ म्हणून पुढे रेटणारे बघितले की वाटतं, पाटीवरच्या ‘फ्री’ने घोटाळा केलाय.

व्यवहारात करायचं ते असं: वेग कमी करा, आधी डावीकडे झेब्रावर कुणी आहे का पाहा, मग उजवीकडून आणि समोरून कोण वळतंय ते पाहा, आणि पुन्हा एकदा डावा आरसा. आतल्या बाजूने सायकल किंवा दुचाकी शिरलेली असते. कुणी येत असेल तर पूर्ण थांबा. मागच्याचा हॉर्न हा सिग्नल नाही. कोपऱ्यावर त्रिकोणी बेट करून वेगळा डावा रस्ता काढलेला असेल, तर मुख्य दिवा बेटाच्या पलीकडे राहतो, पण त्या छोट्या रस्त्यावरही बहुतेकदा झेब्रा असतो. तिथे वळताना चालकाची मान उजवीकडे वळलेली असते आणि पादचारी नेमका डावीकडून पाऊल टाकतो.

ऑस्ट्रेलियात हा फरक पाट्यांवरच लिहिलेला असतो. एका पाटीनुसार लाल दिव्यावर आधी थांबून मगच डावीकडे वळता येतं, दुसरीनुसार न थांबता, पण जपून. आपल्या पाटीत हा फरक नसतो, म्हणून थांबायचं की नाही ते बघून ठरवावं लागतं.

चूक तिसरी: वळणाच्या लेनमध्ये सरळ जाण्यासाठी उभं राहणं

बाण दिलेल्या चौकात डावी लेन सहसा फक्त वळणाऱ्यांची असते आणि रस्त्यावर तसा बाण रंगवलेला असतो. तिच्यात सरळ जाणारा पुढे उभा राहिला की मागच्यांचा बाण लागून विझेपर्यंत सगळे अडकतात. चुकून तिथे आलात आणि बाण हिरवा झाला, तर डावीकडेच वळा आणि पुढून फिरून या. बाणावर सरळ जाणं म्हणजे लाल दिवा तोडणंच, आणि शेवटच्या क्षणी उजवीकडे तिरपं घुसणं त्याहून वाईट. बाण लागायच्या आधी लक्षात आलं, तर इंडिकेटर द्या आणि शेजारचा जागा देईल तेव्हाच सरका.

फ्री लेफ्टची पाटी आहे पण रस्ता अरुंद, म्हणून डावीकडे वेगळी लेनच नाही, असेही चौक असतात. तिथे सरळ जाणारा लाल दिव्याला थांबणारच. त्याच्या मागे हॉर्न वाजवून काही उपयोग नाही आणि फुटपाथवरून तर गाडी काढूच नये.

चूक चौथी: बाण आणि गोल हिरवा यांत फरक न करणं

गोल हिरव्यात सरळ, डावीकडे आणि बंदी नसेल तर उजवीकडेही जाता येतं. पण उजवीकडे वळताना समोरच्यालाही बहुधा हिरवाच असतो, म्हणून सरळ येणाऱ्यांना आधी जाऊ द्यायचं. दिव्यात फक्त सरळ बाण हिरवा असेल, तर उजवीकडचा बाण लागेपर्यंत तिकडे वळता येत नाही.

डावीकडे वळणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. गोल हिरव्याच्या वेळी पादचाऱ्यांनाही तुमच्या समांतर दिशेने हिरवा दिलेला असू शकतो, म्हणजे तुम्ही ज्या रस्त्यात वळताय तोच ते ओलांडत असतात. बाणाच्या वेळी रिकामा असलेला झेब्रा तेव्हा भरलेला असतो. तिथे आधी ते जातील.

बाण मध्येच विझला तर

स्टॉप लाइनच्या आधी असाल आणि मुख्य दिवा लाल असेल, तर थांबा. लाइन ओलांडून वळायला लागला असाल, तर वळण पूर्ण करून बाहेर पडा. चौकात ब्रेक मारून उभं राहू नका. बाण विझून गोल हिरवा लागला, तर वळू शकता, फक्त वर सांगितलेले पादचारी बघून. आणि चौकात पोलीस हाताने वाहतूक सोडत असेल, तर बाण, दिवा, पाटी या सगळ्यांच्या वर त्याचा हात.