ढोल्याचं बूड नाल्याच्या तळाला बसवा, नाहीतर पऱ्हाटी पाण्यात

रोहिणी तोंडावर आल्या आहेत. विदर्भात मान्सून साधारण जूनच्या मध्यावर स्थिरावतो, पण मृगाआधीची एखादी वळवाची सर तासाभरात वावर भरून टाकते. पांदणीखालून पाणी काढायला ढोला, म्हणजे सिमेंटचा मोठा पाइप, टाकायचा असेल, तर तो आता टाका. काळी माती एकदा भिजली की जेसीबी रुतते, मुरमाची ट्रॉली अर्ध्या वाटेत फसते आणि चर खणला तरी त्यात ठोकाठोक होत नाही. पेरणीच्या घाईत टाकलेला ढोला मी टिकलेला पाहिलेला नाही.

दरवर्षी ऑगस्टमध्ये एकच तक्रार ऐकू येते: "ढोला टाकला ना भाऊ, तरी पाणी काहून तुंबते?" जाऊन पाहिलं की ढोला धड असतो, फुटलेला नसतो, गाळानं बुजलेलाही नसतो. तो फक्त उंच बसलेला असतो. तोंडाशी वीतभर पाणी साचलेलं, आणि त्याच्या मागं दीडशे फुटांपर्यंत पऱ्हाटी पिवळी पडून माना टाकून उभी. या एका चुकीपायी जितकी तूर आणि कपाशी गेलेली पाहिली, तितकी ढोला फुटल्यामुळं गेलेली पाहिली नाही. म्हणून आज इतर कामं यादीत उरकतो आणि याच गोष्टीवर बोलतो.

चूक होते ती अशी. मिस्त्री नाल्याचा तळ पाहतो आणि चर तेवढाच खोल खणतो. मग त्यात सहा इंच मुरमाची गादी घालतो. वर दोन फुटी सिमेंटचा ढोला ठेवतो, त्याची भिंत साधारण तीन इंच जाड. पाणी वाहणार ढोल्याच्या आतल्या बुडावरून, आणि ते बूड झालं नाल्याच्या तळापासून सहा आणि तीन, म्हणजे नऊ इंच वर. या नऊ इंचांनी तुम्ही स्वतःच्या हातानं बंधारा घातलेला असतो. आपल्या सपाट काळ्या वावरांत शंभर फुटाला सहा इंच उतार ही सर्रास गोष्ट आहे. अशा उतारावर नऊ इंच तुंब मागं दीडशे फूट जातो.

तूर सगळ्यात आधी बसते. तिच्या मुळांना हवा न मिळता दोन-तीन दिवस गेले की ती सावरत नाही. कपाशीचं वेगळं: पावसाची मोठी उघडीप पडावी, मग एक जोरदार पाऊस येऊन पाणी साचावं आणि वरून कडक ऊन पडावं, की बोंडं धरलेली हिरवीगार झाडं अचानक मलूल होतात. यालाच आकस्मिक मर म्हणतात. दुकानदार तेव्हा ह्युमिक, 'रूट बूस्टर' आणि रंगीत डबे पुढं करतो. पाणी तुंबलेलं असताना यातलं काहीही ओतलं तरी पैसे पाण्यातच. आधी पाणी काढा. मग वाफसा येताच 10 लिटर पाण्यात 25 ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड आणि 200 ग्रॅम युरिया घालून झाडाच्या बुडाशी 100 ते 150 मिली ओता. एवढंच, आणि तेही फक्त मलूल झालेल्या झाडांना.

आता माप घ्यायचं कसं ते एका वावरावरून सांगतो. वर्धा जिल्ह्यातली पांदण, बारा फूट रुंद. वरच्या बाजूला साधारण दहा एकराचं पाणी एका नाल्यात येतं, नाला तीन फूट खोल. दहा एकर म्हणजे चार हेक्टर. तासाला 60 मिलिमीटरचा जोरदार पाऊस धरला आणि त्यातलं निम्मं पाणी वाहतं असं मानलं, तर सेकंदाला साधारण 330 लिटर पाणी येतं. शंभर फुटाला एक फूट उतारानं बसवलेला दोन फुटी, म्हणजे 600 मिलिमीटरचा ढोला एवढं पाणी घेतो. "एक मोठा महाग पडतो, दोन छोटे टाका" हे ऐकू नका. एक फुटी ढोला दोन फुटीच्या सहाव्या हिश्श्याइतकंच पाणी नेतो. दोन टाकले तरी तिसरा हिस्सा, आणि पऱ्हाटीच्या एका ओंडक्यानं बुजतो तो वेगळाच.

आधी नाल्याचा खरा तळ शोधा. वर दिसतो तो बहुतेक गाळ असतो. सब्बल हातानं दाबा, जिथं ती अडते तो जुना तळ. माझा एक ठोकताळा आहे, शास्त्र नाही: उन्हाळ्यातही जिथं लव्हाळा दाट हिरवा राहतो, तिथं खाली गाळ जास्त आणि पाण्याला वाट कमी.

मग पांदणीच्या दोन्ही बाजूंना एकेक खुंटी ठोका. मिस्त्रीकडची पारदर्शक लेव्हल नळी पाणी भरून दोन्ही खुंट्यांना धरा, नळीत बुडबुडा राहू देऊ नका. पाणी जिथं थांबतं तिथं दोन्हीकडं खूण करा. त्या खुणेपासून खाली खऱ्या तळापर्यंत टेप लावा. या वावरात वरच्या बाजूला 60 इंच आले, खालच्या बाजूला 63. मधलं अंतर पंचवीस फूट. म्हणजे तीन इंच उतार, शंभर फुटाला एक फूट. हवा तेवढाच.

आता चर खणायचा तो तळाइतका नाही. 60 मध्ये नऊ इंच मिळवा, वरच्या टोकाला खुणेपासून 69 इंच खोल. खालच्या टोकाला 63 आणि नऊ, 72 इंच. गादी घालून ढोला ठेवल्यावर त्याचं आतलं बूड बरोबर नाल्याच्या तळाला येतं. जेसीबीवाला तासावर पैसे घेतो, त्याला घाई असते. म्हणून माती टाकण्याआधी टेप स्वतः लावा. ढोल्यात हात घालून आतल्या बुडापासून खुणेपर्यंत मोजा. वर 60, खाली 63 आले पाहिजेत. अर्धा-एक इंच खोल गेलं तर चालेल, वर गेलेलं चालणार नाही.

खुंटी मात्र पांदणीपाशीच सोडू नका. तीच खूण नळीनं शंभर फूट खाली न्या. या वावरात तिथं 61 इंच भरले, म्हणजे गाळामुळं पुढचा नाला ढोल्याच्या खालच्या तोंडापेक्षा दोन इंच उंच होता. असं असेल तर ढोला कितीही नीट बसवा, तो अर्धवट भरूनच राहणार. शंभर फुटांवर किमान 66 इंच येईपर्यंत गाळ काढावा लागला. खाली शेजाऱ्याचं वावर असेल तर हे काम त्याच्याशी बोलून करा, पावसात भांडून नाही.

सामान, याच वावरासाठी:
- 600 मिमीचे, अडीच मीटर लांबीचे तीन ढोले, 'एनपी-3' प्रतीचे. एनपी-2 हलका, भरल्या ट्रॉलीला नको
- जोडासाठी दोन कॉलर, सिमेंट-वाळू एकास दोन
- गादी आणि बगलेसाठी बारीक चाळलेला मुरूम, गोटे काढून
- दोन्ही तोंडांना काळा दगड
- धुम्मस, पाण्याची टाकी

दोन ढोल्यांत भागवू नका. बारा फूट रस्ता आणि दोन्हीकडच्या मातीचा उतार धरून पंचवीस फूट लागतातच. आखूड ढोल्यावरची कड पहिल्याच पावसात ढासळून तोंड बुजवते.

ढोले खालच्या टोकाकडून वर बसवत या. बगला भरताना खणलेलीच काळी माती परत ढकलायचा मोह होतो, कारण ती फुकट असते. ती ओली असता फुगते, उन्हाळ्यात आकसून ढोल्यापासून सुटते. त्या फटीतून पाणी ढोल्याच्या बाहेरून वाट काढतं आणि हळूहळू माती नेतं. बाहेरून कळतं ते असं: पांदणीवर थाळीएवढा खळगा पडतो आणि खालच्या तोंडाशी ढोल्याच्या कडेनं गढूळ पाणी झिरपतं. खळगा नुसता मुरमानं भरू नका, तिथं खणून बगल पुन्हा ठोका. बगलेत मुरूमच हवा, सहा-सहा इंचाच्या थरानं, दोन्हीकडं सारखा, मूठ दाबली तर गोळा होईल इतका ओला.

ढोल्याच्या डोक्यावर किमान दोन फूट भर लागते. म्हणजे आतल्या बुडापासून रस्ता सव्वाचार फूट. नाला तीन फूट खोल, तर पांदण तिथं सव्वा फूट उचलावी लागली आणि दोन्हीकडं तेरा-चौदा फुटांची उतरण द्यावी लागली. तोच ढोला नऊ इंच वर बसला असता तर दोन फूट उंचवटा झाला असता, मुरूमही वाढला असता आणि बैलबंडीही चढली नसती.

नाला जेमतेम फूट-दीड फूट खोल असेल तर ढोल्याचा नाद सोडा. तिथं पांदणच बशीसारखी खोलगट करून दगडी रपटा घाला: नऊ इंच दगड उभे रचून, फटी मुरमानं ठोकून, खालच्या कडेला दोन फूट खोल दगडी पाया. रपट्याचा मधला भागही नाल्याच्या तळाला असला पाहिजे, नियम तोच. पाणी वाहत असताना त्यावरून बंडी घालू नका.

डबल वॉल प्लास्टिक पाइप विकायला एजंट गावोगाव फिरतात. पाइप वाईट नाही, हलका आहे, पण त्याची सगळी ताकद बगलेच्या ठोकणीवर असते. ठोकणी कच्ची असेल तर ट्रॉलीखाली तो चपटतो. माती घट्ट करायच्या पावडरीवर तर दमडी घालवू नका, धुम्मसवाला मजूर लावा.

पहिल्या पावसानंतर:
- पाऊस थांबल्यावर तासाभरानं वरच्या तोंडाशी जा
- कचरा, पऱ्हाट्या, प्लास्टिक काढा
- खालच्या तोंडाला दगड सरकले असतील तर बसवा
- टेप पुन्हा लावा

पाऊस थांबून दोन-तीन तास झाले, ढोल्यातून धार बारीक झाली, पण वरच्या तोंडाशी वीतभर पाणी स्थिर उभं आहे, तर ढोला उंच आहे. त्यावर सफाईचा उपाय नाही. उघडीप मिळाली की उकरून खाली बसवा. तोवर तुरीकडची बाजू वाचवायला धुऱ्याला लागून आडवा चर काढून पाणी दुसऱ्या उतारावर सोडा.

पांदण सरकारी असेल तर खणण्याआधी ग्रामपंचायतीला लेखी द्या. योजनेतून पांदणीवर मातीकाम चालू असेल तर ढोल्याचं आतलं बूड कितीवर येणार हे काम सुरू असतानाच टेप लावून विचारा. रोलर फिरल्यावर कोणी उकरून देत नाही. आणि खालच्यानं वाहतं पाणी बांध घालून अडवलं तर तहसीलदाराकडं मामलतदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 खाली दाद मागता येते, मात्र अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत.