पीएफचा क्लेम नावामुळे रिजेक्ट झाला, असं निस्तरलं

आईचा पीएफ क्लेम रिजेक्ट झाला, कारण आधार, पॅन आणि बँकेत Laxmi पण पीएफच्या कायमच्या नंबरला, म्हणजे यूएएनला Lakshmi, नोकरीला लागताना कंपनीत कोणीतरी तसं टाईप केलेलं. आपल्यासाठी दोन्ही लक्ष्मीच हो, पण सिस्टीम अक्षर न् अक्षर जुळवते. मग सगळी कागदपत्रं शेजारी मांडून स्पेलिंग, मधलं नाव, आडनाव, जन्मतारीख एका कागदावर उतरवलं. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, आणि ते बरोबरच होतं, म्हणून त्याला हात न लावता यूएएनच त्याच्याशी जुळवायचं ठरवलं. पीएफच्या पोर्टलवर जॉइंट डिक्लेरेशन, म्हणजे माहिती दुरुस्तीचा अर्ज भरला, मंजुरीसाठी एचआरच्या मागे लागलो. प्रोफाइलमध्ये नवीन नाव दिसल्यावरच परत क्लेम टाकला, त्याआधी टाकला तर पुन्हा तोच शेरा येतो. लग्नानंतर आडनाव बदललेल्यांनी तर हे अर्जाआधीच बघा, पासबुकसकट.